नुसतं ‘एसओपी लिहून द्या’ म्हटलं, तर आधी काय विचारायचं?

वाचकाचं पत्र:

“मी सोलापुरात शाळेत इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त आहे. परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला, ‘मॅडम, स्कॉलरशिपसाठी एसओपी, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहून द्याल का? फॉरेनला मास्टर्स करायचंय. जरा लवकर हवाय.’ बस, एवढंच. कोणती स्कॉलरशिप, कोणता कोर्स, किती शब्द, काहीच नाही. मुलगी गुणी आहे, पण इंग्रजीत लिहायला घाबरते. आईने विड्या वळून तिला शिकवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे नाही म्हणवत नाही. नेटवरचे दोन-चार नमुने बघून, तिची परिस्थिती घालून एक चांगला एसओपी लिहून द्यावा का? की आधी तिला काही विचारावं? आणि विचारायचं तर नेमकं काय?”
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

बाई, आधी विचारा. तिची माहिती हातात येईपर्यंत एक ओळही लिहू नका आणि ते नमुने तर उघडूच नका. नमुना एकदा वाचला की त्यातली वाक्यं डोक्यात बसतात, आणि मग मुलीला काय विचारायचं हेही तो नमुनाच ठरवायला लागतो.

तुमच्या प्रश्नात एक समज दडलेला आहे, तो आधी बाजूला करू. एसओपी हा अर्जाला जोडायचा एक ठरावीक कागद आहे, चांगल्या इंग्रजीत लिहिला की कुठेही चालतो, असं बहुतेक घरांत मानलं जातं. खरं तर ते एका प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न प्रत्येक योजनेत वेगळा असतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घ्या. तिथे एक सलग निबंध मागतच नाहीत. नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमधला तोच अभ्यासक्रम का, आणि पुढच्या कामाचा आराखडा, अशा वेगवेगळ्या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं द्यावी लागतात. शिवाय २८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये दोन निवेदनं असतात, एक अभ्यासाच्या उद्दिष्टाचं आणि एक स्वतःविषयीचं. पहिल्यातला मजकूर दुसऱ्यात घातला तर एक संधी फुकट जाते. जर्मनीच्या डीएएडी या विद्यार्थी-विनिमय संस्थेची विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जी शिष्यवृत्ती आहे, तिथे प्रेरणापत्र मागतात, आणि त्यात सध्याच्या नोकरीतल्या कामाचा त्या अभ्यासक्रमाशी काय संबंध, हे स्पष्ट यावं लागतं. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिथला मुख्य भार परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावर, गुणांवर आणि दाखल्यांवर असतो. म्हणजे तुमची मुलगी त्या योजनेत बसत असेल, तर तिचा एसओपी विद्यापीठाला जाईल, शिष्यवृत्तीला नाही. आणि हे दोन लेख सारखे नसतात.

हा फरक तुम्हाला नीट कळला की तुमचं अर्धं काम झालं. प्रवेशासाठीच्या एसओपीत विद्यापीठाला बघायचं असतं, की हिला हा अभ्यासक्रम झेपेल का, पाया आहे का, आमच्याच विभागात का यायचंय. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. एका माणसावर मोठी रक्कम खर्च करायची, तर ती हिच्यावरच का, आणि शिकून आल्यावर त्यातून काय उभं राहील? चेव्हनिंगमध्ये शिकून झाल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहण्याची अट असते. अशा ठिकाणी ‘तिकडेच स्थायिक व्हायचं आहे’ असा नुसता सूर जरी लागला तरी अर्ज बाद होऊ शकतो. सगळ्या योजना मोफत पैसे देतात, हाही असाच एक गैरसमज. जे. एन. टाटा एन्डोमेंट ही जुनी आणि नावाजलेली संस्था आहे, पण ती देते ती कर्ज-शिष्यवृत्ती. ते पैसे परत करायचे असतात, हे मुलीला आणि तिच्या आईला अर्ज भरण्याआधी माहीत असायला हवं.

म्हणून तिच्याकडून पहिली गोष्ट मागायची ती जाहिरात. यंदाचीच, कारण अटी दरवर्षी बदलतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीडीएफ बऱ्याचदा गेल्या सालची असते. जाहिरातीबरोबर अर्जाच्या पानाचे स्क्रीनशॉट मागवा आणि प्रश्न जसाच्या तसा उतरवून पाठवायला सांगा. ‘मॅडम, स्वतःबद्दल लिहायचंय’ असं ती म्हणेल. प्रत्यक्ष फॉर्ममध्ये मात्र ‘तुम्ही एखादी अडचण कशी सोडवली’ असं काही असेल.

शब्दमर्यादाही तिथेच सापडते. ती बघताना एक गोष्ट पक्की करा, मोजायचे ते शब्द की अक्षरं? काही फॉर्ममध्ये ‘१००० कॅरॅक्टर’ असं असतं. मुलं घाईत ते १००० शब्द असं वाचतात. स्पेस आणि विरामचिन्हं धरून १००० कॅरॅक्टर म्हणजे इंग्रजीत जेमतेम दीडशे-पावणेदोनशे शब्द, एक परिच्छेद. दोन पानांचा मजकूर त्या चौकटीत पेस्ट केला की खालचा भाग गुपचूप गळून जातो, आणि शेवटचं वाक्य अर्धवट तुटलेल्या अवस्थेत अर्ज जातो. मर्यादेवरून किती सांगायचं हेही ठरतं. पाचशे शब्दांत कामाचा एकच प्रसंग नीट बसतो, त्याला जोडून अभ्यासक्रमाचं कारण आणि परतल्यावरची योजना. हजार शब्द असतील तर दुसरा प्रसंग घेता येतो. दीडशे शब्दांत प्रसंगाची दोन-तीन वाक्यं झाली की जागा संपली. मर्यादा माहीत नसताना लिहिलेला मजकूर नंतर कापायला बसलं, की सगळ्यात आधी तपशील जातात आणि मोठमोठी विशेषणं मागे उरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे तिने काय काय केलंय. इथे मात्र यादी मागू नका. यादी मागितली की टक्केवारी, एनएसएसचं शिबिर, गॅदरिंगमधलं बक्षीस आणि ‘मेहनती, जिद्दी’ असे शब्द येतात. मागे माझ्याकडे आलेल्या एका मुलाचं सांगते. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मुलगा केमिकल इंजिनिअर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवण्याच्या कारखान्यात दोन वर्षं नोकरीला. पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायचं होतं. त्याने पाठवलेल्या यादीत कारखान्याची एकच ओळ होती, ‘प्रॉडक्शन विभागात कामाचा अनुभव.’

मी त्याला विचारलं, “सकाळी कामावर गेलास की आधी काय करतोस?” म्हणाला, “टाकीतल्या पाण्याचा टीडीएस घेतो, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजतो.” का, असं विचारल्यावर तो बोलायला लागला. टॉवेलच्या सुती धाग्याला रिअ‍ॅक्टिव्ह रंग देतात. रंग धाग्याकडे ओढला जावा म्हणून त्या पाण्यात मीठ घालतात. गडद रंगाला ते लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत जातं. मग सोडा घालून रंग पक्का करतात. तरी सगळा रंग धाग्यात बसत नाही, उरलेला धुऊन काढावा लागतो, म्हणून एका लॉटला पाच-पाच वेळा धुणं. सांडपाण्यातला बाकीचा बराचसा घाण भाग जिवाणूंच्या टाकीत कमी होतो, पण मीठ विरघळलेलंच राहतं, ते तिथे निघत नाही. आणि हे सगळं अशा शहरात, जिथे नळाला रोज पाणी येत नाही.

त्याच्या लक्षात आलं होतं, की पाचव्या धुण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, त्याचा टीडीएसही फारसा नसतो, तरी ते गटारात सोडतात. पहिल्या धुण्याचं पाणी तर नाहीतरी रंगाने गढूळच होणार असतं. मग एका लॉटचं शेवटचं पाणी साठवून पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला का वापरू नये? सुपरवायझर म्हणाले, शेड बिघडेल. याने फक्त काळ्या आणि गडद निळ्या लॉटवर करून पाहिलं आणि प्रत्येक लॉटची नोंद वहीत ठेवली. गडद रंगात चाललं. फिक्या रंगात सुतावर डाग आले, तिथे थांबवावं लागलं.

बघा बाई, ‘प्रॉडक्शन विभागात कामाचा अनुभव’ या एका ओळीच्या पोटात एवढं होतं. त्याला स्वतःला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं, कारण त्याचं कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

पुढे आकड्यांचा प्रश्न आला. पहिल्या खर्ड्यात त्याने लिहिलं, ‘कारखान्याचं तीस टक्के पाणी वाचवलं.’ मी म्हटलं, वही काढ. वहीप्रमाणे पाच धुण्यांतलं एक धुणं ताज्या पाण्याशिवाय होत होतं. प्रत्येक धुण्याला पाणी सारखंच लागत होतं, म्हणजे धुण्याच्या पाण्यातली बचत एक पंचमांश, वीस टक्के, तीही फक्त गडद लॉटमध्ये. कारखान्याच्या एकूण पाण्यात किती फरक पडला ते त्याने मोजलेलं नव्हतं, म्हणून ते लिहायचंच नाही असं ठरलं. तीसच्या जागी वीस आल्याने त्याचा चेहरा उतरला होता. पण मुलाखतीत ‘हे कसं मोजलंत’ असं विचारलं की तिसाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, विसाचं होतं. शिफारसपत्र देणारे त्याचे मॅनेजर तीस टक्के म्हणणार नव्हते, ही गोष्ट वेगळीच. अर्ज, सीव्ही आणि शिफारसपत्र एकत्र वाचलं जातं. तिन्हींत तीन आकडे दिसले की वाचणारा तिथेच थांबतो.

आणि जे फसलं, त्यातूनच अभ्यासक्रमाचं कारण निघालं. फिक्या रंगात डाग का आले, आणि मीठ पाण्यातून काढायचं कसं, ही दोन्ही कोडी त्याच्या शिक्षणाच्या पलीकडची होती. मेम्ब्रेनने पाणी गाळता येतं, पण गाळून उरलेलं अतिखारं पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न त्यापुढचा. मग त्याला म्हटलं, अभ्यासक्रमाच्या विषयांची यादी उघड आणि यातलं कुठे शिकवतात ते दाखव. दोन विषय सापडले. ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे’ हे त्याचं पहिलं वाक्य होतं. त्या जागी आलं ते साधारण असं: ‘आमच्या कारखान्यात गडद रंगाच्या सुताचं शेवटचं धुण्याचं पाणी आम्ही पुन्हा वापरायला लागलो. फिक्या रंगांसाठी ते जमलं नाही, कारण पाण्यातलं मीठ आणि सुटा रंग काढायची सोय आमच्याकडे नाही, आणि ती कशी करायची हे मला शिकायचं आहे.’ यातलं इंग्रजी आठवीतल्या मुलालाही कळेल इतकं सोपं होतं. तुमच्या विद्यार्थिनीच्या भीतीवर हाच उतारा आहे. तिला भारी इंग्रजी लागणार नाही. तिला सांगण्यासारखी वस्तुस्थिती लागेल.

ती नोकरीत नसेल तर हेच प्रश्न तिच्या प्रोजेक्टबद्दल विचारा. आधी काय होतं, तू नेमकं काय केलंस, काय बदललं, कशावरून कळलं, आणि हे खरं आहे असं कोण सांगेल? ‘आम्ही केलं’ असं ती म्हणाली की तिथे थांबा, आणि त्या ‘आम्ही’तलं तिचं काम कोणतं ते वेगळं करून घ्या. चार जणींच्या गटात तिने फक्त आकडे गोळा केले असतील तर तेवढंच लिहा. आकडे गोळा करताना काय अडलं, हे तिच्याइतकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

आता परिस्थितीबद्दल. तुम्ही ते मायेने म्हणताय, हे कळतं मला. तरी तिच्या आईच्या विड्या एसओपीत आपणहून घालू नका. ज्या योजनेत उत्पन्नाची अट असते, तिथे परिस्थिती तहसील कार्यालयातून मिळालेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर सिद्ध होते. तिथे निबंधातून ती पुन्हा सांगून गुण वाढत नाहीत. ज्या योजनेत तशी अट नाही, तिथे परिस्थितीचा उपयोग एवढाच, की तिच्यामुळे मुलीचा एखादा निर्णय समजतो. पदवीनंतर लगेच पुढे न शिकता तिने तीन वर्षं नोकरी का केली? घर चालवायचं होतं म्हणून. हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. किंवा विड्यांच्या कामाचाच तिच्या विषयाशी संबंध असेल, ती सार्वजनिक आरोग्य शिकायला निघाली असेल आणि तंबाखूच्या धुळीने घरोघरी बायकांना लागणारा खोकला तिने जवळून पाहिला असेल, तर मात्र तो प्रसंग मुख्य होऊ शकतो. दोन्ही बाबतींत आधी तिला विचारा, हे लिहिलेलं तुला चालेल का? परक्या लोकांपुढे आईची गोष्ट मांडायची की नाही, हे ठरवणं तिचं आहे.

नापास विषय आणि मधली रिकामी वर्षं यांच्याबद्दलही विचाराच. मुली हे तुमच्यापासून लपवतात, पण गुणपत्रकावर ते दिसतंच. दोन वाक्यं पुरतात, काय झालं आणि त्यानंतर काय बदललं.

आता राहिला तुमचा खरा पेच, लिहून द्यायचं की नाही. मी म्हणेन, सगळं लिहून देऊ नका. नियमांचा भाग आहेच, मजकूर स्वतःचा असल्याचं अर्जदाराकडून अनेक ठिकाणी लिहून घेतात. पण त्याहून अडचणीची आहे मुलाखत. तुमच्या लेखणीतून उतरलेलं सफाईदार इंग्रजी आणि मुलाखतीत अडखळणारी मुलगी, यांतली दरी समोरच्याला पाच मिनिटांत दिसते. अगदी नाही म्हणणंही बरोबर नाही, कारण तिला विचारणारं माणूस दुसरं मिळेलच असं नाही. मधला मार्ग असा. तुम्ही प्रश्न विचारा, ती मराठीत बोलू दे, ते फोनवर रेकॉर्ड करू दे. मग तिनेच ते साध्या इंग्रजीत उतरवायचं, चुकलं तरी चालेल. त्यानंतर तुम्ही तो कागद लाल पेनाने तपासायचा. व्याकरण सुधारा, लांबलेली वाक्यं तोडा, कुठे काय कळत नाही ते समासात लिहा. नवा मजकूर मात्र घालू नका. हे काम तुम्ही आयुष्यभर केलंय.

तिला आज एवढा मेसेज पाठवा, हवा तर हाच:

“बाळ, नक्की मदत करते. आधी मला या गोष्टी पाठव. एक, स्कॉलरशिपचं नाव, यंदाच्या जाहिरातीची लिंक आणि फॉर्ममधल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट, शब्दमर्यादा दिसेल असे. दोन, कोणत्या विद्यापीठात कोणता कोर्स, प्रवेश मिळालाय की अर्ज केलाय, आणि त्या कोर्समधले तुला शिकायचेच आहेत असे दोन विषय. तीन, तुझा सीव्ही आणि सगळी गुणपत्रकं. चार, तू स्वतः केलेल्या एका कामाबद्दल पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज, मराठीत, जसं सुचेल तसं. पाच, परत आल्यावर कुठे आणि काय काम करायचंय. जे माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असं लिही, चालेल.”

पहिल्याच प्रश्नाला ‘अजून ठरलं नाही मॅडम’ असं उत्तर आलं, तर तिची वेळ अजून एसओपीची नाही. तेव्हा आधी पात्रता बघायची: पदवीचे टक्के, नोकरीची वर्षं, वय, घरचं उत्पन्न, जातीचा दाखला. एवढ्यावरच निम्म्या योजना गळतात. फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, डीएएडीच्या त्या योजनेत साधारण दोन वर्षांचा, आणि शेवटची पदवीही फार जुनी चालत नाही. यंदाच कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलगी या दोन्हींत बसणार नाही. तिच्यासाठी दोन महिने खपून निबंध लिहिण्यात अर्थ नाही. उरलेल्या योजनांतल्या दोन निवडा आणि त्यांच्याच प्रश्नांवर काम करा.

आणि ‘लवकर’ म्हणजे कधी, हेही विचारून घ्या, तारीख आणि वेळ दोन्ही. परदेशी योजनांची मुदत त्यांच्या घड्याळाप्रमाणे संपते. दुपारी १२ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असं लिहिलं असेल तर आपल्याकडे ते संध्याकाळचे साडेपाच. त्या दिवशी रात्री बारापर्यंत वेळ आहे असं समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. शिफारसपत्रं द्यायची आहेत त्या सरांना किंवा साहेबांना निदान तीन आठवडे आधी सांगायला हवं, आणि तुमच्या विद्यार्थिनीने जो प्रसंग निवडला असेल तो त्यांना चार ओळींत लिहून पाठवायला हवा, म्हणजे त्यांच्या पत्रातही तोच येईल. मुदत चार-पाच दिवसांवर आली असेल आणि यातलं काहीच हातात नसेल, तर तिला हा अर्ज सोडून पुढच्या फेरीची तयारी करायला सांगा. ती नाराज होईल, पण व्हॉइस मेसेजचं काम मात्र तिच्याकडून याच आठवड्यात करून घ्या.